उंबरठ्यापलीकडचे चार कोटी: अर्न-आउटची आजची किंमत

«आमचं बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी मशिनिंगचं प्रायव्हेट लिमिटेड युनिट आहे. टर्नओव्हर १८ कोटी, गेल्या वर्षीचा एबिटडा, म्हणजे व्याज-कर-घसाऱ्याआधीचा नफा, २.४ कोटी. पुण्याची एक कंपनी सगळे शेअर घ्यायला तयार आहे. एकतर १४ कोटी एकरकमी, नाहीतर ११.५ कोटी आत्ता आणि पुढची दोन वर्षं नफ्याचं टार्गेट गाठलं तर दरवर्षी २ कोटी. टार्गेट पहिल्या वर्षी २.५, दुसऱ्या वर्षी २.८. आमचं बजेट २.६ चं आहे, म्हणून सीए म्हणतात १५.५ धरा. दादा म्हणतो, ते ४ कोटी विसर. कुणाचं खरं?»

दोघांचंही नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवर आणि मी खाली धरलेल्या शक्यतांवर त्या ४ कोटींची आजची किंमत साधारण १.६५ कोटी येते. म्हणजे दुसरी ऑफर १५.५ ची नाही आणि ११.५ चीही नाही, ती १३.१५ च्या आसपासची आहे, आणि १४ कोटी रोखीपुढे ती कमी पडते. पण या उत्तरापेक्षा ते कसं निघालं हे समजून घ्या, कारण शक्यता माझ्या नव्हे, तुमच्या शॉपच्या घालायच्या आहेत. त्या घातल्यावर आकडा बदलेल.

आधी सीएंची चूक बघू, कारण ती फार सरळ वाटते. बजेट २.६, टार्गेट २.५, म्हणजे टार्गेट पार, म्हणजे पैसे येणार. पण २.६ ही सरासरी अपेक्षा आहे, आणि अर्न-आउट, म्हणजे टार्गेट गाठल्यावरच मिळणारी ही पुढची रक्कम, सरासरीवर मिळत नाही, त्या वर्षी प्रत्यक्ष जो नफा होईल त्यावर मिळते. आपल्या जिल्ह्यात खानापूरला पाऊस धो-धो, अथणीला कोरडं. जिल्ह्याची सरासरी काढून कुणी अथणीत भात लावत नाही. तसंच इथे. नफा ३ कोटी झाला तरी तुम्हाला २ कोटीच मिळणार, वरच्या ५० लाखांचा तुम्हाला काही उपयोग नाही. आणि नफा २.४९ झाला तर शून्य. वर गेलेल्या वर्षाने खाली राहिलेल्या वर्षाची भरपाई होत नाही. म्हणून «नफ्याची सरासरी काढून ती करारात टाकणं» आणि «प्रत्येक शक्यतेत करार काय देतो ते काढून मग त्याची सरासरी घेणं» या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी बरोबर आहे. अशा उंबरठ्याच्या करारात पहिलीचं उत्तर भलतंच चुकू शकतं.

आता शक्यता. इथे बहुतेक जण हवेतून आकडा काढतात, «सत्तर टक्के चान्स आहे हो» वगैरे. मी तसं करू देत नाही. नफा कशावर हलतो ते आधी विचारतो. तुमच्यासारख्या युनिटमध्ये उत्तर बहुधा एका ग्राहकावर येऊन थांबतं. समजा, हायड्रॉलिक्सवाल्या मोठ्या ग्राहकाची नवीन पार्ट-फॅमिली तुमच्याकडे यायची आहे, सँपल गेली आहेत, पीपीएपी, म्हणजे नवीन पार्टची ग्राहकाकडची मंजुरी, पास व्हायचं आहे. तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरशी आणि ग्राहकाच्या खरेदी खात्यातल्या माणसाशी बोलून तीन चित्रं उभी करा. मी ही धरतो: पीपीएपी वेळेत पास होऊन माल सुरू झाला तर पहिल्या वर्षी ३.० कोटी, याची शक्यता ४० टक्के. पास झालं पण सहा महिने उशिरा, बाकी कामं नेहमीची, तर २.५५ कोटी, शक्यता ३० टक्के. पास झालंच नाही आणि जुन्या ऑर्डरही थोड्या घटल्या, तर २.१ कोटी, शक्यता ३० टक्के. सरासरी काढा: १.२० अधिक ०.७६५ अधिक ०.६३, बरोबर २.६ च्या जवळ. म्हणजे तुमच्या बजेटशी माझं भांडण नाही. बजेट तेच आहे, फक्त पोटातलं बाहेर काढलं.

आता कुणीही म्हणेल, पहिली दोन चित्रं टार्गेटच्या वर आहेत, म्हणजे ७० टक्के. इथेच दुसरी चूक होते. मधलं चित्र २.५५ म्हणतं आणि उंबरठा २.५ वर आहे. पाच लाखांचं अंतर. एक व्हीएमसी मशीन महिनाभर बंद पडली, एक कंटेनर ३१ मार्चच्या ऐवजी ३ एप्रिलला निघाला, की ते अंतर संपलं. म्हणून प्रत्येक चित्राला त्याचा पसारा द्यावा लागतो. तो कसा ठरवायचा? गेल्या पाच वर्षांची बजेटं आणि प्रत्यक्ष नफा शेजारी मांडा. ग्राहकाचं काम अपेक्षेप्रमाणे झालेल्या वर्षीसुद्धा बजेट कितीने चुकलं ते बघा. मी इथे २५ लाख धरतो, अंदाजाच्या साधारण दहा टक्के. मग एक्सेलमध्ये मधल्या चित्रासाठी एवढंच टाकायचं:

```
=1-NORM.DIST(2.5,2.55,0.25,TRUE)
```

उत्तर ०.५८ येतं. म्हणजे मधल्या चित्रात टार्गेट गाठण्याची शक्यता १०० नव्हे, ५८ टक्के. पहिल्या चित्रात ती ९८ येते, आणि वाईट चित्रातही पाचेक टक्के येते, कारण कधीकधी नशीब साथ देतं. चित्रांच्या वजनाने एकत्र करा: ०.४ गुणिले ९८, ०.३ गुणिले ५८, ०.३ गुणिले साडेपाच. एकूण ५८ टक्के. सत्तर नव्हे, अठ्ठावन्न. ज्याचं मधलं चित्र उंबरठ्याला चिकटलेलं असतं, त्याने हा पसारा घातलाच पाहिजे. ज्याचं मधलं चित्र टार्गेटच्या ६०-७० लाख वर आहे, त्याला याने फार फरक पडत नाही.

दुसऱ्या वर्षी टार्गेट २.८ आहे. तीच तीन चित्रं पुढे न्या. पीपीएपी वेळेत झालं असेल तर दुसऱ्या वर्षी ३.०५ ची अपेक्षा, उशिरा झालं असेल तर २.७, झालंच नसेल तर २.३५. दोन वर्षं पुढचं असल्याने पसारा जरा जास्त, ३५ लाख. तोच फॉर्म्युला लावला की तीन चित्रांत २.८ गाठायची शक्यता सुमारे ७६, ३९ आणि १० टक्के येते. एकत्र करून ४५ टक्के.

तर पहिल्या वर्षाची अपेक्षित रक्कम २ कोटींच्या ५८ टक्के, म्हणजे १.१६ कोटी. दुसऱ्याची ४५ टक्के, म्हणजे ०.९० कोटी. एकूण २.०६. व्याज कापायच्या आधीच ४ कोटी अर्धे झाले.

इथे एक थांबून सांगण्यासारखी गोष्ट आहे, आणि ती मी स्वतः उशिरा शिकलो. सुरुवातीच्या काळात मी ५८ ला ४५ ने गुणून «दोन्ही वर्षं मिळायची शक्यता २६ टक्के» असं एका क्लायंटला लिहून दिलं होतं. ते चुकलं होतं. दोन वर्षं एकमेकांपासून सुटी नसतात. पीपीएपी पास झालं तर दोन्ही वर्षं सुधारतात, नाही झालं तर दोन्ही पडतात. चित्रागणिक गुणाकार करून मग बेरीज केली की दोन्ही वर्षं गाठायची शक्यता ३७ टक्के येते, फक्त एकच गाठायची ३०, आणि एकही न गाठायची ३३ टक्के. गंमत अशी की अपेक्षित रकमेवर याचा काहीच परिणाम नाही, ती तीच २.०६ राहते. प्रत्येक वर्षाचा चेक स्वतंत्र आहे, तेव्हा अपेक्षा सरळ बेरजेनेच निघते. पण घरात बसून विचार करताना ती ३३ टक्के फार महत्त्वाची. तीनात एकदा तुम्हाला ११.५ वरच समाधान मानावं लागेल. सुटी वर्षं धरून काढलं असतं तर हाच आकडा २३ आला असता आणि धोका कमी वाटला असता. तुमचा दादा ज्याला भितो आहे ते हे. त्याची भीती निराधार नाही, फक्त त्याने तिची किंमत शंभर टक्के लावली आहे.

आता आजची किंमत. पैसे कधी येतील ते करारात बघा. पहिलं वर्ष ३१ मार्चला संपेल, ऑडिट जूनपर्यंत, मग त्यांचा हिशोब तुम्ही तपासणार. शेअर १ एप्रिलला हस्तांतरित झाले असं धरलं तर पहिला चेक साधारण १५ महिन्यांनी, दुसरा २७ महिन्यांनी. मी दरसाल १४ टक्क्यांनी सवलत कापतो. १.१६ चे ०.९८ होतात, ०.९० चे ०.६७. बेरीज १.६५. त्यात ११.५ मिळवा.

चौदाच का? या दरात तीन गोष्टी आहेत: पैसा अडकण्याचं व्याज, पुण्याच्या कंपनीने वेळेवर पैसे न देण्याचा धोका, आणि तो नफाच मुळात धंद्याच्या तेजी-मंदीबरोबर हलतो याचा धोका. मोठे व्हॅल्युअर तिसरी गोष्ट दरात न घालता वेगळ्या रीतीने करतात. ते ऑप्शनच्या पद्धतीने नफ्याचा अंदाजच आधी धोक्यापुरता खाली आणतात आणि मग फक्त बिनधोक व्याज अधिक खरेदीदाराची पत एवढ्याच दराने कापतात. उंबरठा, कमाल मर्यादा असल्या वाकड्या करारांसाठी तीच पद्धत जास्त शास्त्रशुद्ध. पण १८ कोटींच्या युनिटला एवढं लागत नाही. लक्षात एवढं ठेवा की दोन्ही रीती एकदम वापरायच्या नाहीत. कुणी भीतीपोटी वाईट चित्राला ५० टक्के देतो आणि वर २५ टक्क्यांनी सवलतही कापतो. तो एकाच भीतीचे पैसे दोनदा मोजतो.

आणि दरावरून फार वेळ भांडूही नका. दहा टक्के धरले तर उत्तर १.७६, वीस टक्के धरले तर १.५२. एवढ्या मोठ्या फरकाने फक्त २४ लाख हलतात. पण पीपीएपीची शक्यता ४० वरून ६० केली आणि वाईट चित्र १० वर आणलं, की सगळंच पालटतं. मीटिंगमध्ये खरेदीदाराचे सल्लागार तुम्हाला दराच्या चर्चेत गुंतवतील, कारण ती सभ्य चर्चा आहे. खरा पैसा शक्यतांमध्ये आहे.

हा हिशोब उलटाही करून बघा, तो जास्त डोळे उघडतो. दुसरी ऑफर १४ च्या बरोबरीला यायला दोन्ही वर्षं टार्गेट गाठायची शक्यता किती हवी? दर तोच ठेवला तर दरवर्षी जवळजवळ ८० टक्के. आता स्वतःला विचारा, कॅम्पात चहा पिताना मित्राला सांगतो तसं नव्हे, बँक मॅनेजरसमोर बसून: दोन्ही वर्षी पाचपैकी चार वेळा आम्ही हे गाठणारच, असं म्हणवेल का? गेल्या पाच बजेटांपैकी चार पार झाली असतील तर जरूर म्हणा, आणि मग दुसरी ऑफर बरोबरीची आहे. दोनच पार झाली असतील तर उत्तर तुमच्याच फाइलीत आहे.

अशा ऑफर का जमतात हेही यातूनच कळतं. खरेदीदाराच्या मनात शक्यता ३५ टक्के असेल, विकणाऱ्याच्या मनात ८५. त्याला वाटतं आपण थोडंच द्यायचं कबूल केलं, याला वाटतं आपल्याला भरपूर मिळालं. दोघं खूश होऊन सही करतात. भांडण १५ महिन्यांनी येतं.

त्यामुळे किंमत काढून थांबू नका, कराराचा आकार बदलून मागा. मी पहिली मागणी उंबरठा मोडायची करतो. २.५ ला एकदम २ कोटी, त्याखाली शून्य, असं न ठेवता २.२ कोटींपासून सुरुवात करा आणि २.८ ला पूर्ण २ कोटी, मधे सरळ चढ. तुमच्याच चित्रांवर मी हे मोजून पाहिलं, पहिल्या वर्षाची अपेक्षित रक्कम १.१६ कोटीच येते. पैशाची सरासरी तीच, म्हणजे या चित्रांवर खरेदीदाराला सरासरीने काही जास्त द्यावं लागत नाही, तेव्हा नाही म्हणायला त्याला फारसं कारण उरत नाही. पण २.४९ झाला तर पूर्वी शून्य होतं, आता ९७ लाख मिळतात. आणि त्याहून मोठं म्हणजे भांडण कमी होतं. उंबरठ्यावर नफा पाच लाखांनी इकडेतिकडे केला की २ कोटींचा फरक पडतो, तेव्हा मार्च महिन्यात दोन्ही बाजूंच्या माणसांना मोह होतोच. तुम्ही टूलिंगचा खर्च एप्रिलवर ढकलाल, ते प्रोव्हिजन वाढवतील. चढावर त्याच पाच लाखांची किंमत १७ लाख असते. त्यासाठी कोणी कोर्टात जात नाही.

दुसरी मागणी भरपाईच्या कलमाची. दोन वर्षांचा एकत्रित नफा ५.३ कोटी झाला तर हुकलेल्या वर्षाचे २ कोटी शेवटी मिळावेत. कागदावर हे फार मोठं दिसतं, पण किंमत बेताची आहे. तुमच्या चित्रांत बेरीज ५.३ होण्याची शक्यता ५३ टक्के. त्यातली ३७ टक्के अशी की दोन्ही वर्षं तशीही गाठलेलीच असतात, तिथे कलमाचा उपयोगच नाही. उरले १६ टक्के. २ कोटींचे १६ टक्के म्हणजे ३२ लाख, आणि ते शेवटी मिळणार म्हणून आजचे २४ लाख. कमी का, ते आता तुम्ही ओळखलंच असेल: वर्षं एकमेकांना धरून चालतात. पहिलं वर्ष पीपीएपी न झाल्याने पडलं असेल तर दुसरं त्याची भरपाई क्वचितच करतं. दोन वर्षं सुटी असती, पाऊस-पाण्यासारखी, तर हे कलम जास्त मोलाचं ठरलं असतं. तरी मागा. उशिरा सुरू झालेल्या ऑर्डरच्या चित्रात ते नेमकं कामी येतं. चढाचं कलम मिळालं तर भरपाईची गरज बरीच कमी होते, दोन्ही एकदम मिळतील असं धरू नका.

भरपाई धरूनही १३.४ च होतात. तेव्हा आगाऊ रक्कम ११.५ वरून १२.१ झाली तरच दुसरी ऑफर १४ च्या बरोबरीला येते, आणि तीही धोक्याची फिकीर नसलेल्या माणसाला. तुमच्या घरात हेच एक युनिट आणि याच पैशातून सगळं चालणार असेल, तर तीनातल्या एका शून्यासाठी आणखी काही मागायला हवं. किती, ते गणितात बसत नाही, ते तुम्हा दोघा भावांनी ठरवायचं.

एका कलमाकडे नीट बघा: «अमुक भाऊ दोन वर्षं नोकरीत राहिला तरच अर्न-आउट मिळेल.» खरेदीदार हे सहज घालतात, धंदा तुमच्या ओळखीवर चालतो म्हणून. पण नोकरी सोडल्यावर आपोआप रद्द होणारा पैसा, इंड एएस १०३ या लेखा-मानकाप्रमाणे, शेअरची किंमत धरला जात नाही. खरेदीदाराच्या पुस्तकात तो पगार होतो, आणि मग तुमच्या बाजूलाही आयकर अधिकारी तो भांडवली नफा न मानता पगार म्हणू शकतो. भांडवली नफ्यावरचे १२.५ टक्के आणि पगाराचा स्लॅब यातला फरक तुम्हाला सांगायला नको. दादाला दोन वर्षं काम करायचं असेल तर वेगळा करार, वेगळा पगार, आणि अर्न-आउट तो नोकरीत असो वा नसो.

करातली दुसरी अडचण वेळेची आहे. शेअर हस्तांतरित झाले त्या वर्षीच सगळी रक्कम, न मिळालेलीसुद्धा, करपात्र धरायची का? दिल्ली उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये एका प्रकरणात पुढे मिळायची रक्कमही हस्तांतराच्याच वर्षी धरली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये, नफ्यावर अवलंबून असलेल्या आणि मिळेल की नाही हे ठरलेलंच नसलेल्या रकमेबाबत, ती तोवर उपार्जित झाली नाही असं म्हटलं. मुंबईचा निकाल तुमच्या बाजूचा आहे, पण आपण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाखाली येतो. निपाणीच्या पलीकडे कागलला तो बंधनकारक, इकडे फक्त आधाराला दाखवण्यापुरता. अधिकाऱ्याने पूर्ण ४ कोटी पहिल्याच वर्षी धरले तर सरचार्ज-सेस सोडून ५० लाख कर न मिळालेल्या पैशावर. म्हणून करारात «किंमत १५.५ कोटी, त्यापैकी ४ नंतर» असं कधीही लिहू देऊ नका. किंमत ११.५, आणि अटी पूर्ण झाल्या तर आणि तेव्हाच अधिक रक्कम, असं लिहून घ्या. तरीही ५० लाखांचा प्रश्न उभा राहू शकतो, तेव्हा सही करण्याआधी करवाल्याचं लेखी मत घ्या.

खरेदीदाराची एक गोष्टही माहीत असू द्या. त्याला इंड एएस लागू असेल तर तो तुमच्यासारखंच मोजून आजची किंमत आपल्या ताळेबंदात देणं म्हणून दाखवतो. पुढे तुमचं युनिट छान चाललं की ते देणं वाढतं आणि ती वाढ त्याच्या नफा-तोट्यात खर्च म्हणून येते. म्हणजे तुम्ही टार्गेटच्या जवळ पोचलात की पुण्याच्या फायनान्सवाल्याच्या तिमाही आकड्यांना ओरखडा पडतो. त्या वेळी त्याचे फोन वाढतात, हे मी दोन-तीनदा बघितलं आहे.

आणि ते फोन कशाबद्दल असतात? नफ्याच्या व्याख्येबद्दल. सगळ्यात जास्त पैसा इथे जातो. तुमच्या मसुद्यात «कंपनीचा एबिटडा» एवढंच लिहिलं असेल तर खरेदी झाल्यावर हेड ऑफिस मॅनेजमेंट फी लावेल. टर्नओव्हरच्या एक टक्का म्हणजे १८ लाख. ऐकायला किरकोळ. पण तुमची तिन्ही चित्रं १८ लाखांनी खाली ढकला आणि फॉर्म्युला पुन्हा चालवा: पहिलं चित्र ९८ वरून ९० वर, मधलं ५८ वरून ३० वर, एकूण ५८ वरून ४५ टक्के. एका फीने पहिल्या वर्षाच्या अपेक्षेतले २६ लाख गेले. त्यांच्या खिशात फी येते ती वेगळीच. अशा आणखी वाटा आहेत: ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीचं जॉबवर्क तुमच्याकडे कमी दराने टाकणं, तुमचाच ग्राहक त्यांच्या पुण्याच्या प्लांटला वळवणं, नवीन ईआरपी सॉफ्टवेअरचा खर्च सगळ्या युनिटवर वाटणं. प्रत्येक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने रास्त असू शकते, म्हणूनच ती नंतर अडवता येत नाही. आधी लिहूनच घ्यावी लागते.

कशी लिहून घ्यायची? शब्दांत पानं भरू नका. गेल्या मार्चचा एबिटडा कराराच्याच व्याख्येने, ओळीओळीने मोजा आणि तो तक्ता करारासोबत जोडा. कुठला खर्च धरला, कुठला नाही, दोन्ही भावांचा पगार किती धरला, शेडचं भाडं घरच्याच नावावर आहे तर बाजारभावाने किती, सगळं त्या तक्त्यात दिसू दे. मच्छे गावातल्या एका कास्टिंग युनिटसाठी मी हे करायला बसलो होतो. मालक म्हणत होते गेल्या वर्षीचा नफा २.१ कोटी, टार्गेट २.३, आरामात होईल. खरेदीदाराच्या व्याख्येने ओळी लावल्या तर गेल्या वर्षीचाच नफा १.८४ निघाला. कारण मालकांच्या आईच्या नावावर असलेल्या शेडचं भाडं ते वर्षानुवर्षं देतच नव्हते आणि मुलगा बिनपगारी काम करत होता. म्हणजे टार्गेट दहा टक्के वर नव्हतं, पंचवीस टक्के वर होतं. आम्ही टार्गेट २.० वर आणून मगच पुढची मीटिंग ठेवली.

तुमचे २.४ त्यांच्या व्याख्येने किती येतात ते आधी काढा. ते २.२ आले तर माझी तिन्ही चित्रं तेवढीच खाली आणा आणि वरचा सगळा हिशोब पुन्हा करा, कारण मग १.६५ कोटी हा आकडा तुमच्यासाठी फार मोठा आहे.